चार अंशांवरचा आषाढ

ग्लासगोला शिकायला निघालो तेव्हा बॅगेतली सर्वांत जास्त जागा एका जॅकेटने खाल्ली होती. मामाने मनालीहून आणलेलं, आत लोकरी अस्तर, बाहेर जाड कापड, वजन सव्वादोन किलो. विमानात तेवीस किलो सामान नेता येतं, त्यातला दहावा हिस्सा मामाच्या प्रेमाचा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते पहिल्यांदा अंगावर चढवून बाहेर पडलो. तापमान नऊ अंश, म्हणजे नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेइतकंच. विद्यापीठापर्यंत वीस मिनिटांची चाल आणि बारीक, आडवा पाऊस. वर्गात पोचून जॅकेट खुर्चीच्या पाठीवर टाकलं तर दुपारपर्यंत त्यातून पाणी ठिबकत होतं. ते वाळायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत खोलीला जो वास आला तो माझ्या चांगलाच ओळखीचा होता. मी चिपळूणचा. आषाढात घरातल्या घरात वाळत घातलेल्या आणि न वाळलेल्या कपड्यांना येतो तो कुबट वास.

महाराष्ट्रातून इकडे येणारा विद्यार्थी थंडीची तयारी करून येतो. बर्फ, शून्याखालचं तापमान, सिनेमात दिसतात तसे केसाळ टोपीवाले लोक, असं काहीसं त्याच्या डोक्यात असतं. टोरांटो किंवा मिनेसोटाला जाणाऱ्याने तसं समजणं बरोबरच आहे. ग्लासगोचं तसं नाही. हे शहर जवळजवळ मॉस्कोच्याच अक्षांशावर आहे, पण अटलांटिकवरून येणारे उबदार, दमट वारे त्याला मॉस्को होऊ देत नाहीत. जानेवारीत दिवसाचं तापमान सहा-सात अंशांपर्यंत चढतं, रात्री एक-दोनवर येतं. बर्फ पडतो तो मोजके दिवस. बाकीचा हिवाळा म्हणजे मळभ, भुरभुर पाऊस आणि वारा. स्कॉटिश लोकांकडे या हवेला एक खास शब्द आहे, ‘ड्रीख’. शेवटचा ‘ख’ घशातून खरवडून काढायचा. मला विचाराल तर हा हिवाळा नव्हेच, हा चार अंशांवर आणलेला आषाढ आहे. एकदा हे लक्षात आलं की कपडे कोणते घ्यायचे, घर कसं गरम ठेवायचं आणि पैसे कुठे वाहून जातात, हे सगळं एकाच धाग्याने उलगडतं.

आधी कपडे. ऊब कपड्यात नसते, कपड्याने अडवून धरलेल्या हवेत असते. लोकरीच्या किंवा फ्लीसच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्या जागी पाणी शिरलं की खेळ संपला, कारण पाणी हवेपेक्षा वीसेक पटींनी जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. सुती कपडा तर पाणी पिऊन अंगाला चिकटून बसतो. म्हणून आपण घरून नेतो ते बनियन, सुती टी-शर्ट, जीन्स हे सगळं इथे पावसात शत्रूपक्षाला जाऊन मिळतं. जीन्स एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत मांड्या गार.

त्यामुळे एका जाड जॅकेटऐवजी तीन पातळ थर. अंगालगत थर्मल, तो पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा. घाम झाला तरी तो अंगावर धरून ठेवत नाही. त्यावर फ्लीस किंवा स्वेटर. आणि सर्वांत वर एक हलकं, टोपी असलेलं, पाणी आत न येऊ देणारं जॅकेट, ज्याला स्वतःची ऊब फारशी नसली तरी चालतं. यात आणखी एक सोय आहे जी घरून निघताना कुणी सांगत नाही. इथल्या बसमध्ये, ग्रंथालयात, वर्गात भरपूर गरम असतं. दिवसातून आठ-दहा वेळा गार-गरम करावं लागतं. तीन थर असले की एकेक काढता येतो. मामाच्या जॅकेटमध्ये मी बाहेर भिजायचो आणि आत घामाघूम व्हायचो.

वरच्या जॅकेटमध्ये मात्र फसगत होते. लेबलवर ‘वॉटर रेझिस्टंट’ किंवा ‘शॉवरप्रूफ’ असेल तर त्याचा अर्थ एवढाच की बसथांब्यापर्यंत जाईस्तोवर ते तग धरेल. ‘वॉटरप्रूफ’ हवं, आणि त्यातही नुसत्या शब्दावर विश्वास न ठेवता जॅकेट उलटं करून शिवणी बघायच्या. प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. पट्टी नसेल तर कापड कितीही चांगलं असो, सुईच्या भोकांतून पाणी खांद्यावर उतरतं. मी दुसरं जॅकेट घेतलं ते एका चॅरिटी शॉपमधून. लोकांनी दान केलेले कपडे विकणारी ही दुकानं इथे प्रत्येक बाजाररस्त्यावर असतात. घरी आणून ते घातलं आणि सरळ शॉवरखाली उभा राहिलो. पाच मिनिटांनी बाही कोरडी, पण डाव्या खांद्याची पट्टी सुटलेली निघाली. ती परत चिकटवायची टेप मिळते. जुन्या जॅकेटवर पाण्याचे मणी होऊन ओघळेनासे झाले, कापड वरून गडद ओलं दिसू लागलं, तर ते वाया गेलं असं नाही. वरचा लेप धुऊन गेलेला असतो. तो नव्याने चढवण्याचं द्रव मिळतं, त्यात एकदा धुतलं की काम भागतं.

पिसं भरलेली फुगीर जॅकेटं दुकानात फार मोहात पाडतात. कोरड्या थंडीत त्यांना तोड नाही. पण पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जाते. ग्लासगोत घ्यायचंच असेल तर कृत्रिम धाग्याचं भरण असलेलं घ्यावं, आणि तेही पावसाळी जॅकेटच्या आत घालण्याइतकं पातळ. छत्री आणू नका. माझी पहिली दुसऱ्याच दिवशी कमळासारखी उलटी उमलली.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठे. जाड मोजा घातल्यावर बोटं हलली पाहिजेत. आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि मग दोन मोजे घालूनही पाय गारच राहतात. तळ खाचांचा, मऊ रबराचा. आकाश निरभ्र असलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी पदपथावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असतो. नुसता ओला रस्ता समजून त्यावर पाय टाकला की माणूस थेट पाठीवर. बूट भिजले तर रेडिएटरवर ठेवू नयेत, तळ सुटतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे. आमच्याकडे शाळेच्या बुटांना आई हेच करायची.

थोडक्यात, भारतातून थर्मलचे दोन जोड, एक चांगला स्वेटर, टोपी आणि मोजे आणावेत. पुण्या-नागपुरात हिवाळ्याच्या तोंडावर तिबेटी विक्रेत्यांचा बाजार लागतो तिथले स्वेटर इथे मस्त चालतात. जॅकेट आणि बूट इथे येऊन घ्यावेत.

आता घर. आम्ही तिघे, एक सांगलीचा, एक नागपूरचा आणि मी, एका टेनेमेंटमध्ये राहत होतो. टेनेमेंट म्हणजे ग्लासगोची चाळच म्हणा, पण दगडी आणि देखणी: एकोणिसाव्या शतकातल्या चार मजली इमारती, सगळ्यांचा मिळून एक जिना, ज्याला इथे ‘क्लोज’ म्हणतात. उंच छत, रस्त्याकडे पुढे आलेली मोठी खिडकी. बघायला गेलो ते जुलैतल्या फोटोंवरून, आणि भाळलो. उंच छत म्हणजे गरम हवा डोक्यावर सहा फूट जाऊन बसणार आणि मोठी खिडकी म्हणजे एकेरी काच, हे नोव्हेंबरात कळलं.

घर ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. एक, घर गॅसवर गरम होतं की विजेवर. दोन, घराचं ईपीसी काय आहे. हे ऊर्जेचं प्रमाणपत्र असतं, ए ते जी अशी श्रेणी. भाड्याने देणाऱ्याला ते दाखवावंच लागतं. ई-एफ श्रेणीचं घर महिना पन्नास पौंडांनी स्वस्त दिसलं तरी ते पन्नास पौंड हिवाळ्यात भिंतींतून निघून जाण्याची शक्यता दाट. विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा खाजगी विद्यार्थी-निवासात राहणाऱ्यांना बहुधा वीज-गॅस भाड्यातच मिळतं. पहिल्या वर्षासाठी ती सोय महाग असली तरी निदान आकडा आधी कळतो.

पैशाचं गणित समजायला एक महिना उदाहरणादाखल घेऊ, आमचा डिसेंबर २०२४. ब्रिटनमध्ये ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी दराची कमाल मर्यादा जाहीर करते. पुष्कळांना वाटतं ही बिलाची मर्यादा आहे, त्याहून जास्त बिल येणारच नाही. तसं नाही. मर्यादा एका युनिटच्या दरावर असते. जितकं जाळाल तितकं भराल. त्या तिमाहीत सरासरी दर होता विजेला युनिटमागे साडेचोवीस पेन्स आणि गॅसला सव्वासहा पेन्स. युनिट तेच, आपल्या घरच्या बिलावरचं किलोवॉट-तास. म्हणजे तेवढ्याच उष्णतेला वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग. एवढा एकच आकडा पाठ केला तरी निम्मं काम झालं.

गॅसचा मीटर घनमीटर दाखवतो. एका घनमीटरमध्ये साधारण अकरा युनिट उष्णता. आमच्या मीटरवर त्या महिन्यात १२० घनमीटर फिरले, म्हणजे तेराशे-साडेतेराशे युनिट, म्हणजे ८४ पौंडांच्या आसपास. त्यात रोजचा स्थिर आकार, इथल्या भाषेत ‘स्टँडिंग चार्ज’, बत्तीसेक पेन्स. तो तुम्ही काही न वापरलं तरी लागतो. एकूण ९४ पौंड. यात आंघोळीचं गरम पाणीही आलं. माणशी एकतीस पौंड. मोठ्या गारठलेल्या घराच्या मानाने हे वाईट नव्हतं.

घोळ विजेच्या बिलात होता. सांगलीकराने नोव्हेंबरात वीस पौंडांचा एक छोटा पंखेवाला हीटर आणला होता. दोन किलोवॉटचा. ‘सगळं घर कशाला तापवायचं, मी माझ्यापुरता लावतो,’ हा त्याचा काटकसरीचा विचार, आणि आम्हा दोघांनाही तो पटला होता. रोज संध्याकाळी पाच तास. हिशेब करा: तासाला दोन युनिट, एकोणपन्नास पेन्स. पाच तासांचे दोन पौंड पंचेचाळीस. डिसेंबरचे एकतीस दिवस, जवळजवळ ७६ पौंड. एका खोलीतल्या एका माणसाच्या पायाशी ठेवलेल्या त्या डब्याने तिघांच्या अख्ख्या घराच्या गॅसइतके पैसे खाल्ले. ‘हा जास्त कार्यक्षम आहे’ असं सांगून विकलेले विजेचे हीटर पुष्कळ असतात. तेलाचा घ्या, पंख्याचा घ्या, काचेचा घ्या, एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता निघते. फरक एवढाच की तेलाचा बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो.

माणसापुरतं तापवायची कल्पना मात्र चुकीची नव्हती, साधन चुकलं होतं. विजेची चादर, म्हणजे गादीवर अंथरायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट, शंभरेक वॉटचं असतं. रात्रभर चालू ठेवलं तरी युनिटभर वीज लागत नाही, आणि रात्रभर ठेवायची गरजही पडत नाही. झोपण्याआधी अर्धा तास पुरतं. रबरी गरम पाण्याची पिशवी त्याहून स्वस्त. आणि रजई घेताना तिच्यावरचा ‘टॉग’चा आकडा बघायचा. साडेचार टॉग उन्हाळ्याची, साडेतेरा टॉग हिवाळ्याची. सप्टेंबरात आलेला विद्यार्थी दुकानातली सर्वांत स्वस्त घेतो आणि ती हमखास उन्हाळी निघते.

गॅसच्या घरात रेडिएटरच्या एका टोकाला एक ते पाच आकड्यांची चकती असते. पाचवर ठेवलं की खोली लवकर तापते हा भ्रम आहे. चकती वेग नाही, थांबायची जागा ठरवते. पाचवर खोली सावकाशच तापते, फक्त नको तितकी तापत राहते. आम्ही झोपायच्या खोल्या दोनवर, बसायची तीनवर, आणि दिवाणखान्यातल्या मुख्य थर्मोस्टॅटवर अठरा अंश असं ठरवलं. सकाळी दीड तास, संध्याकाळी चार तास. रेडिएटरचा वरचा भाग गार आणि खालचा गरम लागला तर आत हवा अडकलेली असते. बाजूच्या छोट्या झडपेची किल्ली दुकानात पौंडभराला मिळते. खाली फडकं धरून ती किंचित फिरवायची, फुस्स आवाज थांबून पाण्याचा थेंब आला की बंद.

आमची एक मैत्रीण विजेवरच्या घरात होती. तिच्या भिंतीवर जड, विटा भरलेले ‘स्टोरेज हीटर’ होते. हे रात्रीच्या स्वस्त दरात वीज घेऊन आतल्या विटा तापवून ठेवतात आणि दिवसभर ती उष्णता सोडतात. वर दोन बटणं: एक रात्री किती साठवायचं, दुसरं किती सोडायचं. तिने दोन्ही पूर्ण उघडी ठेवली होती. साठवलेली सगळी ऊब पहाटेपर्यंत निघून जायची, ही संध्याकाळी कॉलेजातून आली की हीटर थंडगार, मग दिवसाच्या महाग दरात दुसरा हीटर. सोडायचं बटण रात्री आणि दुपारी बंद ठेवून संध्याकाळी उघडायला लागली तेव्हा तिचं घर पहिल्यांदा गरम झालं. तिच्या घराला आधी पैसे भरायचा मीटर होता, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन किल्लीत पैसे टाकून आणायचे. त्यात एक मेख आहे. नाताळात महिनाभर भारतात गेलात तरी स्थिर आकार रोज कापला जातो. परत आल्यावर टाकलेले पहिले काही पौंड त्या थकबाकीतच जातात आणि घर अंधारातच राहतं.

पहिल्याच दिवशी मीटरचा तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा. बिलावर आकड्यापुढे ‘अंदाजे’ अशी नोंद असेल तर कंपनीने मीटर न बघता बिल केलंय. आम्हाला आधीच्या भाडेकरूच्या सवयींचं अंदाजे बिल आलं होतं. फोटो पाठवल्यावर ते उतरलं. आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्समधून सूट असते, पण ती आपोआप मिळत नाही. विद्यापीठाचं पत्र जोडून मागावी लागते.

आता परत ओलीकडे. घर गरम ठेवण्यातली खरी लढाई तिच्याशी असते, आणि आपण महाराष्ट्रीय तिला दोन्ही हातांनी खतपाणी घालतो. आपला स्वयंपाक वाफेचा. भात, कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी. थंडी म्हणून खिडक्या बंद. एका मशीनभर धुतलेल्या कपड्यांमध्ये दोन लिटरपर्यंत पाणी असतं, ते खोलीत वाळवलं की सगळं हवेत जातं. गरम हवा पुष्कळ बाष्प धरते. तीच गार भिंतीला टेकली की पाणी सोडते. सकाळी खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी दिसतं ते हेच. दिसत नाही ते बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे असतं. जानेवारीत मी कपाट ओढलं तेव्हा मागे भिंतीवर काळ्या ठिपक्यांचा नकाशा उमटला होता, आणि मामाच्या जॅकेटच्या पाठीवरही. भाड्याचं काम बघणाऱ्या एजंटाने ‘तुमची राहण्याची पद्धत’ असं एका ओळीचं उत्तर पाठवलं. ते अर्धं खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. उरलेलं अर्धं म्हणजे स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा, तो आम्ही आलो त्या दिवसापासून बंद होता. दुरुस्तीची मागणी फोनवर न करता लेखी, फोटोसह करावी.

दहा पौंडांत एक छोटा आर्द्रतामापक मिळतो. तो आमचा सर्वांत शहाणा खर्च. साठ टक्क्यांच्या खाली असलं की ठीक. सत्तरच्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुरशी नक्की. आमच्याकडे ७८ होतं. मग शिस्त लागली. भाताच्या पातेल्यावर झाकण. स्वयंपाक करताना आणि आंघोळ झाल्यावर दार बंद, खिडकी दहा मिनिटं सताड उघडी. थंड हवेत बाष्प कमी असतं, म्हणून बाहेर पाऊस असला तरी आत घेतलेली हवा तापल्यावर कोरडीच होते. दहा मिनिटांत भिंती गार होत नाहीत, फक्त हवा बदलते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. घर कधीच पूर्ण बंद ठेवायचं नाही. दिवसभर गारठवून संध्याकाळी भाजून काढण्यापेक्षा पंधरा-सोळा अंशांची सलग ऊब भिंतींना मानवते.

कपड्यांचा प्रश्न मात्र त्या जुन्या इमारतीनेच सोडवला. स्वयंपाकघराच्या छताला लाकडी दांड्यांची एक चौकट टांगलेली होती, दोरीने वर-खाली होणारी. याला इथे ‘पुली’ म्हणतात. पहिले दोन महिने आम्हाला ती शोभेची वाटली. मग एके दिवशी नागपूरकर म्हणाला, ‘अरे, ही तर आजीकडची दांडी आहे.’ अगदी तीच. वाड्यांमध्ये छताजवळ आडवी टांगलेली, जिच्यावर काठीने धोतरं-लुगडी वाळत घालायचे. वरची हवा गरम, म्हणून कपडे तिथे लवकर वाळतात. चिपळूण काय नि ग्लासगो काय, शोध तोच. उंच छताचा एवढा एकच फायदा आम्हाला मिळाला.

जाता जाता फोडणीबद्दल. फेब्रुवारी २०२२पासून स्कॉटलंडमध्ये प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म बंधनकारक आहेत. स्वयंपाकघरात उष्णतेचा, दिवाणखान्यात आणि बोळात धुराचा. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून लाल मिरचीची फोडणी दिली की बोळातला अलार्म वाजतो, आणि तो वाजला की घरभर सगळे वाजतात. रविवारी सकाळी पोह्यांपायी शेजारच्या आजी एकदा रात्रीच्या झग्यात जिन्यावर आल्या होत्या.

तिसरी गोष्ट उजेडाची. हिची तयारी बॅगेत भरता येत नाही, म्हणून कुणी करतही नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं, आणि शनिवारी पावणेसहाला मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचला मावळतो. तिथून तो रोज थोडा थोडा मागे सरकतो. २१ डिसेंबरला ग्लासगोत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला जातो. सात तासांचा दिवस. पुण्यात त्याच दिवशी अकरा तास. पण तासांपेक्षा उंचीचा फरक मोठा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. पुण्यात त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ पाच मुठी वर असतो. ग्लासगोत एक मूठ. म्हणजे समोर चार मजली इमारत असेल तर तो तुमच्या खिडकीत येतच नाही, ढग नसले तरी.

डिसेंबरात माझं असं झालं: दहाला उठायचो, प्रयोगशाळेत जायचो, चारला बाहेर पडलो की रात्र. सलग पाच दिवस मी ऊन तर सोडाच, दिवसही पाहिला नव्हता. झोप दुपारी चारला यायची, रात्री तीनला जायची. भूक सारखी भाताची आणि गोडाची. मला वाटलं घरची आठवण. थोडी तीही होती. पण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने जुळतं, आणि मी त्याला सकाळ दाखवतच नव्हतो. दरवर्षी हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीचं वर्णन अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केलं. तेव्हापासून तिला वैद्यकात नाव आहे, उपचारही आहेत. प्रत्येकाला ती होत नाही, आणि पहिल्याच हिवाळ्यात आळस कुठे संपतो नि ती कुठे सुरू होते हे स्वतःला कळणं अवघड असतं. दोन आठवडे रोज मन उतरलेलं असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर वसंताची वाट न बघता डॉक्टर गाठावा. व्हिसाच्या वेळीच विद्यार्थ्यांकडून आरोग्यसेवेचे वर्षाला ७७६ पौंड घेतलेले असतात. पैसे भरून झालेत. जवळच्या जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव मात्र सप्टेंबरातच नोंदवून ठेवायला हवं.

मी जे केलं ते साधं होतं. उठायची वेळ आठ, सुट्टीच्या दिवशीही. दुपारी बारा ते एक जेवणाचा डबा घेऊन बाहेर, मळभ असो वा पाऊस. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली दोन-चारशे लक्स उजेड असतो. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर त्याच्या कितीतरी पट. डोळ्यांना खिडकीतून ते जाणवत नाही कारण ते लगेच जुळवून घेतात. काही जण दहा हजार लक्सचा दिवा घेतात आणि सकाळी अर्धा तास समोर ठेवून चहा पितात. त्याचा उपयोग होतो तो सकाळीच. संध्याकाळी लावला तर झोप उडते. डोळ्यांचा आजार असलेल्यांनी किंवा मनाचे तीव्र चढउतार होत असलेल्यांनी तो विचारल्याशिवाय वापरू नये.

ड जीवनसत्त्व ही वेगळी गोष्ट आहे, दिव्याने ते मिळत नाही. ते त्वचेत बनायला लागणारे किरण इथे ऑक्टोबर ते मार्च पुरेसे पोचतच नाहीत. ब्रिटनचा सरकारी सल्ला असा की हिवाळ्यात सर्वांनी रोज दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिटची गोळी घेण्याचा विचार करावा. सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर. आपल्या घरी ड जीवनसत्त्व म्हटलं की साठ हजार युनिटची पुडी आठवते. ती कमतरता भरून काढायची, डॉक्टरने मोजून दिलेली मात्रा असते. आईने पाठवल्या म्हणून त्या मनाने फोडू नयेत. रोज चार हजार युनिटच्या वर जाऊ नये असं इथे स्पष्ट सांगतात.

मजा अशी की सर्वांत छोटा दिवस २१-२२ डिसेंबरचा असला तरी सर्वांत लवकरची संध्याकाळ त्याच्या आठवडाभर आधीच होऊन गेलेली असते. सकाळ मात्र वर्ष संपेपर्यंत उशिराचीच होत राहते. संक्रांतीला आम्ही सूर्यास्ताची वेळ बघितली: सव्वाचार. अर्धा तास मिळवला होता. चिपळूणहून तिळगुळाचं पार्सल आलं होतं ते नागपूरकराने स्वयंपाकघराच्या फळीवर उघडंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी वड्या हाताला चिकटायला लागल्या. सांगलीकर आर्द्रतामापक बघून आला, म्हणाला ७१, आणि खिडकी उघडायला उठला.